पाच दिवसांचं ईसिम चार दिवसांतच संपतं, हॉटस्पॉट चालत नाही: ट्रॅव्हल ईसिम आणि रोमिंग पॅकचा हिशेब कुठे चुकतो

भाचीचा फोन आला तो हॉटेलच्या वायफायवरून. "मामा, पाच दिवसांचं ईसिम घेतलं होतं. सोमवारी सकाळी उतरलो, आज शुक्रवार. संध्याकाळी सातला परतीचं विमान आहे आणि सकाळी नऊच्या ठोक्याला नेट बंद पडलं. ह्यांनी मला फसवलं का?"

फसवलं नव्हतं. पण हीच तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की आता एकदा सविस्तर लिहून ठेवतो. तिच्यासोबत गेलेल्या सहकाऱ्याकडे ईसिम नव्हतं, घरच्याच नंबरावर पाच दिवसांचा रोमिंग पॅक होता. तो तर तिच्याही आधी, शुक्रवारी पहाटे चारलाच संपला होता. दोघांनी एकच चूक केली असं ती म्हणत होती. हिशेब मांडून बसल्यावर कळलं की चुका दोन होत्या आणि वेगवेगळ्या होत्या.

आधी घड्याळं ओळखा

ट्रॅव्हल ईसिमला दोन मुदती असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिली मुदत म्हणजे विकत घेतल्यापासून किती दिवसांत प्लॅन सुरू करायचा. ही विक्रेत्यानुसार बदलते, कुठे ३० दिवस, कुठे सहा महिने. ही उलटली तर न वापरलेला प्लॅनही बाद होतो. दुसरी मुदत म्हणजे प्लॅन सुरू झाल्यावर तो किती दिवस चालणार. जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहिलेले 'पाच दिवस' ते हेच.

खरा प्रश्न असा की दुसरं घड्याळ नेमकं कशाने सुरू होतं. काही प्लॅन फोनमध्ये ईसिम डाउनलोड केल्याक्षणी सुरू होतात. बरेचसे मात्र प्लॅनच्या यादीतल्या एखाद्या देशातलं नेटवर्क पहिल्यांदा पकडलं की सुरू होतात. विक्रेत्याच्या पानावर `Activation policy` अशा मथळ्याखाली ही ओळ असते. वाचायची ती हीच, बाकी पान नंतर वाचलं तरी चालेल.

नेटवर्क पकडण्यावर चालणाऱ्या प्लॅनमध्ये एक खाच आहे. तुम्ही एका देशाचा प्लॅन न घेता खंडाचा किंवा जगभराचा घेतला असेल, तर विमान बदलायला जिथे थांबता तो देशही बहुधा त्या यादीत असतो. कधी कधी तुमचा स्वतःचा देशही असतो! तसं असेल तर घरी बसून हौसेनं लाइन चालू करून बघितली की प्लॅन तिथेच सुरू. ब्राउझर उघडायचीही गरज नाही, फोनने नेटवर्कवर नोंदणी केली की पुरे.

उपाय साधा आहे. ईसिम घरच्या वायफायवर डाउनलोड करायचं, कारण डाउनलोडला नेट लागतं आणि उतरल्यावर विमानतळाच्या वायफायवर लॉगिनचं पान उघडत बसणं नको वाटतं. डाउनलोड झालं की फोनच्या सेटिंगमध्ये ती लाइन लगेच बंद करून ठेवायची. मुक्कामाला उतरल्यावरच चालू करायची. ज्या प्लॅनचं घड्याळ डाउनलोडनेच सुरू होतं, तो मात्र शक्य तितका उशिरा, निघायच्या थोडं आधी उतरवून घ्यावा.

रोमिंग पॅकची तऱ्हा वेगळी. त्यात डाउनलोड वगैरे काही नाही, पण काही पॅक खरेदीच्या क्षणी सुरू होतात, काहींना तारीख ठरवून देता येते आणि काही परदेशातल्या पहिल्या वापराने सुरू होतात. हा 'पहिला वापर' फार फसवा आहे. तुम्ही काही केलं नाही तरी फोन पाठीमागे मेल तपासतो, फोटो चढवतो. आयफोन आयमेसेज आणि फेसटाइमच्या नोंदणीसाठी तुमच्या नकळत एक परदेशी एसेमेसही पाठवतो. काही कंपन्यांच्या रोजच्या पॅकमध्ये एवढंही त्या दिवसाचे पैसे लागायला पुरतं.

दिवस म्हणजे काय?

आता भाचीच्या प्रवासाचा हिशेब. मुक्कामाच्या देशाची वेळ जागतिक वेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, ९ तास पुढे होती. घरची वेळ यूटीसीच्या ५ तास पुढे. दोघांनी मधल्या विमानतळावर, यूटीसीप्रमाणे रविवारी दुपारी चार वाजता, फोन चालू केले. तिचा प्लॅन प्रादेशिक होता आणि मधला देश त्याच्या यादीत होता. सहकाऱ्याच्या पॅकमध्येही तो देश होता. पुढचं विमान मुक्कामाला पोचलं सोमवारी सकाळी ७ वाजून ४० मिनिटांनी, म्हणजे यूटीसीप्रमाणे अजून रविवारच, रात्रीचे १० वाजून ४० मिनिटं.

माझा पहिला अंदाज होता की घात मधल्या थांब्याने केला. तसं मी तिला फोनवर सांगूनही मोकळा झालो. मग तिने प्लॅनच्या अटींचा स्क्रीनशॉट पाठवला. त्यात लिहिलं होतं की दिवस यूटीसीच्या तारखेप्रमाणे मोजला जातो. म्हणजे मुक्कामाच्या देशात दिवस बदलणार तो मध्यरात्री नाही, सकाळी नऊला. रविवार हा तिचा पहिला दिवस आणि तो सोमवारी सकाळी नऊला संपला. दुसरा मंगळवारी नऊला, तिसरा बुधवारी, चौथा गुरुवारी आणि पाचवा शुक्रवारी नऊला. तंतोतंत.

आता गंमत बघा. तिने मधल्या थांब्यावर लाइन चालू केलीच नसती आणि थेट उतरल्यावर ७.४० ला केली असती, तरी यूटीसीप्रमाणे तो रविवारच होता. निकाल तोच. मधला थांबा निर्दोष निघाला! तिचा पाचवा दिवस वाचवायला एकच गोष्ट करायला हवी होती: उतरल्यावर तास-दीड तास विमानतळाच्या वायफायवर काढायचा आणि लाइन नऊ वाजून गेल्यावर चालू करायची. मग प्लॅन शनिवारी सकाळी नऊपर्यंत टिकला असता.

सहकाऱ्याच्या बाबतीत मात्र थांब्यानेच नुकसान केलं. त्याच्या पॅकमध्ये दिवस घरच्या तारखेने मोजला जात होता. थांब्यावर फोन चालू केला तेव्हा घरी रविवार रात्रीचे नऊ वाजले होते. उरलेल्या तीन तासांसाठी त्याचा एक अख्खा दिवस गेला. रविवार ते गुरुवार असे पाच दिवस, आणि गुरुवारची घरची मध्यरात्र म्हणजे मुक्कामी शुक्रवारचे पहाटेचे चार. त्याने फोन उतरल्यावर चालू केला असता, तर घरी तेव्हा सोमवारचे पहाटेचे ३.४० झाले होते. सोमवार ते शुक्रवार मोजून पॅक शनिवारी पहाटे चारपर्यंत गेला असता.

आणि प्लॅन २४ तासांच्या हिशेबाचा असता तर? थांब्यावर चालू करूनही तो मुक्कामाच्या वेळेने शुक्रवारची मध्यरात्र उलटून एक वाजेपर्यंत चालला असता. म्हणून मी आता कुणालाही प्लॅन सुचवताना जीबी किती हे नंतर विचारतो, दिवस कसा मोजतात हे आधी. '२४ तास' लिहिलेला प्लॅन थोडा महाग असला तरी छोट्या सहलीला तोच बरा पडतो.

संपल्यावर काय होतं, यातही फरक आहे. ईसिम प्रीपेड असल्यामुळे नुसतं बंद पडतं. रोमिंग पॅक संपल्यावर मात्र काही कंपन्या डेटा थांबवतात, काही साध्या रोमिंग दराने चालू ठेवतात, आणि तो दर एमबीच्या हिशेबाने असतो. सहकाऱ्याचं नशीब की त्याची कंपनी थांबवणारी होती. पॅक संपायच्या वेळी घरच्या लाइनवर `Data Roaming` बंद असेल, तर ही भानगडच उरत नाही.

हॉटस्पॉटची तक्रार तीन प्रकारची असते

शुक्रवारच्या आधी, सोमवारी रात्रीच तिचा एक मेसेज येऊन गेला होता: "हॉटस्पॉट चालत नाहीये." एवढ्या वाक्यावरून काहीच कळत नाही. मी नेहमी विचारतो, नेमकं काय दिसतंय? बटणच दिसत नाही, की लॅपटॉप जोडला जातो पण नेट नाही, की नेट आहे पण रडतखडत? तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

आणि त्याहीआधी एक तपासणी: फोनचं वायफाय बंद करून फोनवर पान उघडतंय का? फोनवरच नेट नसेल तर हॉटस्पॉटला दोष देण्यात अर्थ नाही. तिथे बहुतेक वेळा ईसिमच्या लाइनवर `Data Roaming` बंद असतं. लोक रोमिंग या शब्दाला इतके घाबरलेले असतात की सगळीकडे ते बंद करून टाकतात. पण ट्रॅव्हल ईसिम हे बहुधा तिसऱ्याच देशातल्या कंपनीचं सिम असतं आणि मुक्कामाच्या देशात ते स्वतःच रोमिंगवर असतं. म्हणून ईसिमच्या लाइनवर रोमिंग चालू हवं आणि घरच्या लाइनवर बंद. घरची लाइन मात्र पूर्ण बंद करू नका, बँकेचे ओटीपी तिच्यावरच येतात. ट्रॅव्हल ईसिमला सहसा फोन नंबरच नसतो. याच जोडीने फोन आपोआप दुसऱ्या लाइनच्या डेटावर जाऊ देणारी सोय, आयफोनवर `Allow Cellular Data Switching` आणि इतर फोनवर अशाच नावाची, बंद करून टाका. नाहीतर रेंज कमी झाली की फोन घरच्या लाइनकडे वळायला बघतो.

भाचीच्या आयफोनवर फोनचं नेट उत्तम चालत होतं, पण `Personal Hotspot` चं बटणच गायब होतं. हे ईसिममध्ये नेहमी होतं आणि याचा प्लॅनच्या नियमांशी बहुतेक वेळा काही संबंध नसतो. फोनच्या स्वतःच्या डेटासाठी एक एपीएन, म्हणजे कंपनीच्या डेटा नेटवर्कचा पत्ता, लागतो आणि हॉटस्पॉटसाठी वेगळा रकाना असतो. ईसिम टाकताना पहिला आपोआप भरला जातो, दुसरा रिकामा राहतो. सेटिंगमध्ये ईसिमच्या लाइनवर जाऊन `Mobile Data Network` उघडायचं, काही फोनवर याचंच नाव `Cellular Data Network` असतं. खाली सरकल्यावर `Personal Hotspot` असा भाग दिसतो. त्यातल्या `APN` मध्ये विक्रेत्याने दिलेला तोच एपीएन लिहायचा, जो वरच्या रकान्यात आहे. फोन बंद करून परत चालू केला की बटण हजर होतं. तिचंही झालं.

अँड्रॉइडवर हीच गोष्ट एपीएनच्या प्रकारात असते. एपीएन उघडून `APN type` या ओळीत शेवटी `dun` आहे का ते बघायचं. नसेल तर असं करायचं:

```
default,supl,dun
```

काही फोन ही ओळ बदलूच देत नाहीत. तेव्हा `+` दाबून नवीन एपीएन तयार करावा, तोच पत्ता आणि ही ओळ देऊन. तेही बंद असेल तर प्रयत्न सोडून विक्रेत्याला लिहावं.

दुसरा प्रकार, लॅपटॉप जोडला जातो पण नेट येत नाही. इथे प्लॅनमध्ये हॉटस्पॉटला मनाई असण्याची शक्यता मोठी. ती कळते कशी? फोनमधून निघणाऱ्या डेटाच्या प्रत्येक छोट्या पाकिटावर टीटीएल नावाचा एक आकडा असतो, वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर तो एकाने कमी होतो. फोनचं स्वतःचं पाकीट ६४ ने निघतं. लॅपटॉपचं पाकीट फोनमधून पुढे जाताना एक टप्पा ओलांडतं, म्हणून मॅकचं ६३ होऊन आणि विंडोजचं १२८ चं १२७ होऊन नेटवर्ककडे पोचतं. कंपनीला तेवढ्यावरून कळू शकतं की हे फोनचं नाही. यूएसबीची वायर लावली किंवा ब्लूटूथने जोडलं तरी हा टप्पा चुकत नाही, त्यामुळे ती पळवाट नव्हे. हे आकडे बदलण्याच्या युक्त्या सांगणारे पुष्कळ भेटतील. मी करत नाही, कारण अटीत मनाई असेल तर परदेशात भर प्रवासात प्लॅन बंद होण्याचा धोका तुमचा असतो.

पण मनाईवर शिक्कामोर्तब करण्याआधी लॅपटॉपऐवजी दुसरा फोन जोडून बघा. त्यावर नेट आलं तर बिघाड लॅपटॉपमध्ये आहे, बहुतेक ऑफिसच्या व्हीपीएनमध्ये. आणखी एक गैरसमज इथेच निघून जावा: फोनवर व्हीपीएन लावलं म्हणजे हॉटस्पॉटवरच्या लॅपटॉपलाही ते मिळतं असं नाही. सामान्यपणे लॅपटॉपचं नेट व्हीपीएनच्या बाहेरूनच जातं.

तिसरा प्रकार भाचीला मंगळवारी भेटला. बटण आलं, लॅपटॉप जोडला, पण मीटिंगचं चित्र अडकायला लागलं. तिला मी एकाच खोलीत, एकाच वेळी, दोन्हींवर वेग मोजायला सांगितला. फोनवर ४० एमबीपीएस, लॅपटॉपवर १. पाच मिनिटांनी पुन्हा मोजलं, फोनवर ३५, लॅपटॉपवर पुन्हा १. नुसती रेंज खराब असती तर आकडा वरखाली झाला असता आणि फोनही रडला असता. एकाच आकड्यावर गच्च बसलेला वेग म्हणजे मुद्दाम लावलेली मर्यादा. तीही फक्त हॉटस्पॉटवर. फोन आणि लॅपटॉप दोन्ही असेच एका कमी आकड्यावर बसले असते, तर अर्थ वेगळा झाला असता: दिवसाचा वेगवान कोटा संपला, आता उद्या 'दिवस' बदलेपर्यंत असंच. आणि तिचा दिवस सकाळी नऊला बदलत होता हे तेव्हा आम्हाला माहीतच नव्हतं. बुधवारी ती म्हणाली होती की सकाळी नाश्त्यानंतर नेट अचानक सुधारतं, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

'अमर्याद' म्हणून विकल्या जाणाऱ्या प्लॅनमध्ये हॉटस्पॉटवर अशी बंधनं सर्रास असतात. दिवसाला ठरावीकच डेटा वाटता येतो, किंवा वेग कापलेला असतो, किंवा सरळ मनाई असते. ठरावीक जीबीचे प्लॅन याबाबतीत बहुधा मोकळे असतात, कारण तुम्ही तो डेटा फोनवर संपवला काय आणि लॅपटॉपवर काय, विक्रेत्याला फरक पडत नाही. लॅपटॉपवर काम करायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: अमर्याद प्लॅनच्या नादी लागू नका, १० जीबीचा साधा प्लॅन घ्या. रोमिंग पॅकमध्ये हॉटस्पॉटला बहुधा घरच्याच प्लॅनचे नियम लागतात आणि डेटा पॅकच्याच कोट्यातून जातो. घरी हॉटस्पॉट चालत असेल तर तिथेही चालण्याची शक्यता चांगली, एपीएनची कटकटही नसते.

म्हणूनच बुधवारी भाचीने सहकाऱ्याच्या रोमिंग पॅकच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडला. मीटिंग छान झाली. पण संध्याकाळपर्यंत त्याचा दिवसाचा डेटा संपला, कारण लॅपटॉपला हॉटस्पॉट म्हणजे साधं वायफायच वाटलं आणि त्याने दोन दिवस तुंबलेले फोटो आणि अपडेट खेचायला घेतले. विंडोजवर त्या जोडणीला `Metered connection` आणि मॅकवर `Low Data Mode` लावलं की हे थांबतं. व्हिडिओ मीटिंगच तासाला १ जीबीच्या आसपास खाते, तिच्या जोडीला हे परवडत नाही.

काढून पुन्हा टाकू नका

शुक्रवारी सकाळी नेट बंद पडल्यावर भाचीने मला फोन करण्याआधी ईसिम काढून टाकायला घेतलं होतं, सुदैवाने फोनने विचारलेल्या 'नक्की काढायचं का' या शेवटच्या प्रश्नाला घाबरून थांबली. बहुतेक ट्रॅव्हल ईसिमचा क्यूआर कोड एकदाच चालतो. डाउनलोड झाल्यावर तो सर्व्हरवर वापरलेला म्हणून नोंदला जातो आणि पुन्हा स्कॅन केला तर कोड वैध नाही असा संदेश येतो. संपलेल्या प्लॅनवर वाढीव डेटा किंवा दिवस विकत घेता येत असतील तर तेही त्याच प्रोफाइलवर चढतात. प्रोफाइलच नसेल तर नव्याने सगळं. काही अँड्रॉइड फोनवर नेटवर्क रीसेट करताना ईसिमही पुसू का असा एक रकाना असतो, त्यावर खूण करू नका.

काही बिघडलंच तर लाइन बंद करून पुन्हा चालू करा, विमान मोड लावून काढा, नेटवर्क आपोआप निवडण्याऐवजी `Network Selection` मध्ये जाऊन विक्रेत्याने सांगितलेलं नेटवर्क हाताने निवडून बघा. तरी जमत नसेल तर विक्रेत्याला तीन गोष्टी पाठवा: `ICCID`, जो सेटिंगमध्ये फोनच्या माहितीत `89` ने सुरू होणारा लांब आकडा असतो; रेंज दिसते पण नेट नाही की रेंजच नाही हे; आणि तेव्हाची वेळ, यूटीसीमध्ये.

भाचीने त्या अॅपमध्ये जाऊन त्याच प्रोफाइलवर एक दिवस वाढवून घेतला, सव्वानऊला. यूटीसीप्रमाणे दिवस नुकताच लागला होता, त्यामुळे तो शनिवारी सकाळी नऊपर्यंत पुरला.